नवऱ्याचा अपो-ई रिपोर्ट ई३/ई४ आला. तूप फक्त त्याचंच बंद करायचं का?

वैशाली_स
आम्ही दोघं एकच जेवतो. तीच आमटी, तेच तूप, आठवड्याला सहा-सात अंडी. माझं एलडीएल ९६, नवऱ्याचं १४८. त्याने जनुक चाचणी करून घेतली. त्यात अपो-ई जनुकाची आई-वडिलांकडून आलेली जोडी ई३/ई४ निघाली आणि खाली लिहिलंय, 'आहारातील चरबीला तीव्र प्रतिसाद'. त्याचं तूप आणि अंडी बंद करायची आणि माझं चालू ठेवायचं, हे बरोबर आहे का? दोन्ही बाजूंची मतं हवी आहेत.

कुडाळकर
माझं मत विचाराल तर काहीही बंद करू नका. खाल्लेल्या कोलेस्टेरॉलचा रक्तातल्या कोलेस्टेरॉलशी फारसा संबंध नाही. अमेरिकेनेसुद्धा २०१५-२० च्या आहार मार्गदर्शनातून दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा काढून टाकली. आमच्या घरी सगळं खोबरेलात होतं आणि नारळात कोलेस्टेरॉल शून्य. माणसाने पिढ्यान् पिढ्या जे खाल्लं ते एका थुंकीच्या नळीवरून सोडायचं?

रक्तनमुना
कुडाळकर, पहिली गोष्ट बरीचशी खरी आहे, नारळाची नाही. खोबरेलात कोलेस्टेरॉल नसतं, पण दहातले नऊ भाग संपृक्त चरबी असते आणि एलडीएल वाढवण्यात तिचाच हात मोठा. मी बावीस वर्षं लिपिड तपासण्या करतोय. तूप आणि अंडं लोक नेहमी एकाच पिशवीत टाकतात. एका अंड्यात कोलेस्टेरॉल १९० मिलिग्रॅमच्या आसपास, पण संपृक्त चरबी जेमतेम दीड ग्रॅम. मोठा चमचाभर तुपात कोलेस्टेरॉल तीस-चाळीस मिलिग्रॅम, पण संपृक्त चरबी आठ-नऊ ग्रॅम. वैशालीताई, तुमचा प्रश्न म्हणजे खरं तर दोन प्रश्न आहेत.

आता ई४ करतं काय? जेवणानंतर चरबीचे कण रक्तात फिरतात, वाटेत आपली चरबी उतरवतात आणि उरलेला चोथा यकृताकडे परततो. त्या चोथ्यावर अपो-ई प्रथिन मुठीसारखं बसलेलं असतं. यकृत ती मूठ धरून कण आत ओढतं. ई४ अशा मोठ्या कणांवर जास्त आवडीने बसतं, त्यामुळे चोथा भराभर आत जातो. यकृताला वाटतं, कोलेस्टेरॉल भरपूर आलंय, आणि ते एलडीएल उचलणारे रिसेप्टर कमी करतं. मग एलडीएल बाहेर रक्तातच फिरत राहतं. संपृक्त चरबीही हेच रिसेप्टर कमी करते. म्हणून दोन्ही एकत्र आली की परिणाम जास्त होईल, हा तर्क चुकीचा नाही.

पण १४८ आणि ९६ मध्ये ५२ चं अंतर आहे. २००७ मध्ये ८६ हजारांहून अधिक लोकांचे आकडे एकत्र करून पाहिले होते. त्यात एका टोकाचे ई२/ई२ आणि दुसऱ्या टोकाचे ई४/ई४ यांच्या एलडीएलमध्ये सरासरी फरक सुमारे तीस टक्क्यांचा होता. तुमच्या मिस्टरांकडे एकच ई४ आहे. त्याच्या वाट्याला फार तर पाच-दहा येतील. उरलेले चाळीस कुठून आले? थायरॉइड पाहिलंय? लघवीतून प्रथिन जातंय का? वडिलांना कमी वयात हृदयविकार होता का? रिपोर्टमध्ये एक कारण सापडलं की बाकीची शोधायची राहून जातात, हा माझा खरा आक्षेप आहे.

निरंजन_टाम्पेरे
मी रक्तनमुना यांच्याशी पूर्ण सहमत नाही. तुम्ही पातळीबद्दल बोलताय, वैशालीताई प्रतिसादाबद्दल विचारतायत. मी फिनलंडमध्ये राहतो. इथे ई४ फार आढळतं, साधारण तीन माणसांमागे एकाकडे. १९७२ मध्ये उत्तर करेलियात हृदयविकाराविरुद्ध मोहीम सुरू झाली तेव्हा तिथली माणसं पावावर लोण्याचा थर लावून खात होती. पुढे त्याच भागात लोकांना काही आठवडे कमी चरबीचा आहार दिला आणि मग परत जुन्या लोण्याच्या जेवणावर आणलं. १९९० मध्ये त्याचे निकाल छापून आले. सगळ्यांचं कोलेस्टेरॉल हललं, पण ई४/ई४ वाल्यांचं जास्त हललं. त्याआधी इथल्याच संशोधकांनी दाखवलं होतं की ई४ वाल्यांची आतडी कोलेस्टेरॉल जास्त शोषतात. एवढं माहीत असताना ज्याच्याकडे ई४ आहे त्याने आधी लोणी-तूप सोडावं, यात वावगं काय? मला स्वतःला ई३/ई४ कळल्यावरच चीज सुटलं. नुसत्या सल्ल्याने दहा वर्षं सुटलं नव्हतं.

अनुजा_आहार
निरंजन, त्या अभ्यासात ई४/ई४ ची माणसं किती थोडी होती तेही सांगा. आणि तुमच्याच देशातला कुओपिओचा अभ्यास विसरू नका. मध्यमवयीन १०३२ पुरुष, सुमारे २१ वर्षं पाठपुरावा, त्यातले जवळजवळ एकतृतीयांश ई४ चे. २०१६ मध्ये निकाल आला: अंडी जास्त खाणाऱ्यांना हृदयविकार जास्त झाला नाही, ई४ असणाऱ्यांनाही नाही. मी माझ्याकडे येणाऱ्यांना अंडं बंद करायला सांगत नाही, जनुक कोणतंही असो. तूप मोजून घ्यायला सांगते, तेही जनुक कोणतंही असो. मग त्या चाचणीने माझ्या सल्ल्यात बदल काय झाला?

निरंजन_टाम्पेरे
कुओपिओमध्ये लोक काय खातात हे सुरुवातीला चार दिवस लिहून घेतलं होतं. त्यावरून २१ वर्षांचं जेवण ठरवायचं? आणि दिवसाला एकाहून बरीच जास्त अंडी खाणारे त्यात फारसे नव्हतेच. तो निकाल 'एक अंडं चालतं' एवढंच सांगतो. चार अंड्यांचं ऑम्लेट रोज चालेल, असं नाही.

अनुजा_आहार
हे मान्य. चार अंडी मी कोणालाच सांगत नाही.

सदाफुली
मला वाटलं इथे विचारलंय की ई४ नसेल तर बिनधास्त खायचं का, म्हणून लिहिते. माझ्या रिपोर्टमध्ये 'ई४ आढळले नाही' होतं आणि मी दोन वर्षं निर्धास्त राहिले. वय ४६. एकूण कोलेस्टेरॉल ३३०, ट्रायग्लिसराइड ३६०, एचडीएल ४०, आणि कागदावर एलडीएल २१८. तेल-तूप जवळजवळ सोडलं, फारसा फरक नाही. तळहाताच्या रेषा पिवळट दिसायच्या; मी म्हणायचे हळदीचे हात आहेत. एका डॉक्टरीणबाईंनी हात उजेडात धरला आणि विचारलं, धुतल्यावर जातं का? जात नव्हतं. मग त्यांनी एलडीएल थेट मोजायला सांगितलं. ते आलं ९२. थायरॉइडचं टीएसएच १४, म्हणजे वाढलेलं. जनुकाची नीट तपासणी केली तर ई२/ई२. थायरॉइडची गोळी, साखर आणि भात कमी, सात किलो वजन उतरलं. पाच महिन्यांत कोलेस्टेरॉल १९०, ट्रायग्लिसराइड १६०. रेषाही फिकट झाल्या. माझी सख्खी बहीणही ई२/ई२ आहे, तिचं कोलेस्टेरॉल १४० आणि तिला काहीच नाही. हे कसं?

रक्तनमुना
ताई, तुमचा प्रश्न मूळ धाग्याहून वेगळा असला तरी माझ्या मते इथली सर्वात महत्त्वाची नोंद हीच आहे. ई२ ची मूठ निसरडी असते, यकृताला ती धरताच येत नाही. चोथा रक्तात साचतो. यकृत उपाशी राहतं, म्हणून ते रिसेप्टर वाढवतं आणि खरं एलडीएल कमी होतं. तुमच्या बहिणीसारखे बहुतेक ई२/ई२ लोक आयुष्यभर असेच सुखाने राहतात. पण त्यावर थायरॉइड, मधुमेह किंवा वजन यांचा दुसरा धक्का बसला की चोथ्याचा ढीग होतो. म्हणून तुमचा उपाय तुपात नव्हता, गोळीत आणि वजनात होता.

२१८ हा आकडा मोजलेला नव्हता, काढलेला होता. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचं आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा: ३३० वजा ४० वजा ७२. हा पाचवा भाग नेहमीच्या कणांसाठी ठीक आहे. चोथ्याच्या कणांत कोलेस्टेरॉल त्याहून कितीतरी जास्त असतं. ते सगळं या हिशेबात एलडीएलच्या नावावर चढतं. एकूण कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही तीनशेच्या वर आणि जवळजवळ सारखे दिसले की मी स्वतः डॉक्टरांना फोन करतो.

तुमच्या पहिल्या चाचणीचं काय झालं असावं तेही सांगतो. अपो-ई ठरवायला दोन जागा वाचाव्या लागतात, rs429358 आणि rs7412. काही ठिकाणी पहिलीच वाचतात. तिथे ई४ कळतं, पण ई२ आणि ई३ एकसारखे दिसतात.

कुडाळकर
सदाफुलीताईंचं वाचून एक कबूल करतो, सरसकट 'काही बंद करू नका' म्हणणं माझं चुकलं. पण मग सरसकट 'बंद करा' हेही चूकच. आणि खोबरेलाचं मला अजून पटलेलं नाही.

वैशाली_स
सगळ्यांचे आभार. पण एक सांगायचं राहिलं होतं. तुपासाठी म्हणून चाचणी केली आणि ह्यांनी रात्री बसून ई४ बद्दल सगळं वाचलं. सासूबाईंना शेवटची सहा वर्षं कोणी ओळखू येत नव्हतं. आता हे किल्ली विसरले तरी गप्प होतात. हे कुणी आधी का सांगत नाही?

अनुजा_आहार
म्हणूनच मी आहारासाठी ही चाचणी करा असं कधीच सांगत नाही. ई४ आणि अल्झायमरचा संबंध १९९३ पासून माहीत आहे. डीएनएची रचना उलगडणाऱ्या जेम्स वॉटसन यांनी स्वतःचा संपूर्ण जीनोम जगापुढे ठेवला, पण अपो-ईची जागा तेवढी झाकायला सांगितली होती. त्यांच्यासारख्या माणसाला हे नको होतं, तर तुपाच्या चौकशीत ते कुणाच्या हातात का पडावं? वैशालीताई, एका ई४ ने धोका वाढतो, पण असे बरेच लोक म्हातारपणापर्यंत स्मृतीने ठणठणीत असतात. हे त्यांना समोर बसवून समजावणारा माणूस हवा. मुलांची चाचणी मात्र करू नका.

निरंजन_टाम्पेरे
मला कळलं याचं मला दुःख नाही. पण आधी विचारायला हवं होतं, हे खरं.

रक्तनमुना
वैशालीताई, तुपाचं उत्तर जनुकापेक्षा रक्तच जास्त सरळ देईल. काही न बदलता आठवड्याच्या अंतराने दोनदा लिपिड करा, एकाच लॅबमध्ये. मग सहा आठवडे दोघांनीही तुपाचा मोठा चमचा सोडा आणि त्या जागी शेंगदाण्याचं तेल घ्या. अंडी तशीच ठेवा, वजन तेवढंच ठेवा. मग परत दोनदा मोजा. एलडीएल काही न करताही सात-आठ टक्के हलतं, म्हणून एकाच आकड्यावर जाऊ नका.

वैशाली_स
तीन आठवड्यांनी लिहितेय. काहीही न बदलता ह्यांचं एलडीएल आधी १४७ आणि आठवड्याने १३६ आलं, माझं ९८ आणि १०१. टीएसएच दोघांचंही ठीक. लघवीचा रिपोर्ट उद्या मिळेल. म्हणजे तुपाला हात न लावताच त्यांचे अकरा कमी झाले, आणि नेमकं त्याच आठवड्यात मी तूप बंद केलं असतं तर श्रेय जनुकाला दिलं असतं. सोमवारपासून तेल सुरू केलंय. दोघांचंही.

कुडाळकर
सहा आठवड्यांनी आकडे टाका. तोवर मीही खोबरेल सोडून आधी-नंतर मोजतो.