आधार आणि पगाराची स्लिप देऊ नका

> रिझ्युमे लिहून देणारे आधार, पगाराची स्लिप मागतात. द्यावी का? आणि किती दिवस लागतात?

अजिबात नको. मी साताऱ्यात हेच काम करतो. नाव, मोबाईल, ईमेल, गाव एवढं पुरतं. पगार रिझ्युमेत लिहायचाच नसतो, मग स्लिप कशाला?

खरा वेळ बोलण्यात जातो. परवा एमआयडीसीतल्या सीएनसी ऑपरेटरशी पाऊण तास बोललो (त्याला विचारूनच लिहितोय). आधी म्हणाला, "मशीन चालवतो." कालची पाळी पहिल्यापासून सांगा म्हटल्यावर कळलं, सेटिंग, ऑफसेट बदलणं, पहिला नग मायक्रोमीटरनं तपासणं, सगळं तोच करतो. म्हणजे सेटर-कम-ऑपरेटर! हा शब्द नसेल, तर सेटर शोधणाऱ्यांना तो दिसणारच नाही.

मसुदा तिसऱ्या दिवशी देतो, दुरुस्तीला आणखी एक दिवस. काम झाल्यावर तुमची फाईल पुसणार, हे रिझ्युमे लिहिणाऱ्याकडून लिहून घ्या.