अनुभव धागा: महिनोन्‌महिने चोंदलेलं नाक आणि गालात दाब

मृणाल, मानेवाडा
दिवाळीच्या आधी सर्दी झाली. सर्दी गेली, पण नाक चोंदलेलं ते संक्रांत आली तरी तसंच. डोळ्याखाली गालात दाब, झाडू मारायला वाकलं की तिथे गच्च भरल्यासारखं होतं. एक डॉक्टर अ‍ॅलर्जी म्हणाले, दुसरे सायनस, आणि शेजारच्या काकूंचं निदान "नाकाचं हाड वाढलं". तुमचं काय निघालं आणि कशावरून कळलं, ते लिहा.

सुनंदाताई
माझी अ‍ॅलर्जीच. मार्चअखेर कूलर खाली काढून जुन्या खसच्या ताट्या झटकल्या की संपलं! शिंकांवर शिंका, डोळे आणि टाळू खाजते, पाण्यासारखं नाक वाहतं, दोन्हीकडून. स्टिरॉइडच्या स्प्रेने फरक पडला, पण मारायची पद्धत डॉक्टरांनी दुसऱ्या भेटीत शिकवली तेव्हा. मान किंचित खाली, डाव्या नाकपुडीला उजवा हात, आणि स्प्रेचं तोंड डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे. मधल्या पडद्यावर मारलं की नुसतं रक्त येतं. आणि दोनचार दिवसांत सोडू नका, दोन आठवडे तरी द्या. मृणाल, खाज-शिंका आहेत का तुला?

रवीभाऊ, नंदनवन
कशाला एवढं? मेडिकलवरून नाक उघडायचे थेंब आणा. मी रोज रात्री दोन थेंब टाकून राहिलो, पाच मिनिटांत नाक मोकळं. आता दुपारीही टाकावे लागतात, बस.

डॉ. अंजली (दंतवैद्य)
रवीभाऊ, दुपारीही लागतात हाच त्या थेंबांचा प्रताप आहे. आठवडाभराच्या वर टाकले की उतार पडताना नाक आधीपेक्षा जास्त सुजतं. आता तुमचं नाक बंद करणारे तेच आहेत. कानाघशाच्या डॉक्टरांना भेटून सोडा. बरेच जण एकेका नाकपुडीचे बंद करत सुटतात.

मृणाल, दाब एकाच गालात आहे का? वास येतो का? वरच्या दाढेचं काही काम झालंय का?

कौस्तुभ
माझ्या नाकाचा पडदा खरंच वाकडा होता, कॉलेजात क्रिकेटचा बॉल लागलेला. डावी बाजू कायम बंद. (आलटून पालटून बंद होत असेल तर ते नाकाचं नेहमीचं चक्र असतं म्हणे.) ऑपरेशन केलं, श्वास झकास झाला. कपाळातला दाब मात्र जसाच्या तसा! शेवटी ती मायग्रेन निघाली. सीटीत सायनस स्वच्छ होते, ते आधीच नीट पाहायला हवं होतं कुणीतरी.

मृणाल
शिंका नाहीत. दाब फक्त उजवीकडे. वास येतो, कुजका, पण फक्त मला. नवऱ्याला काहीच येत नाही. उजव्या वरच्या दाढेला रूट कॅनल करून कॅप आहे, पण दात अजिबात दुखत नाही.

डॉ. अंजली
म्हणूनच विचारलं. माझ्या मेहुण्यांची गोष्ट सांगते. असाच उजवा गाल, असाच वास. अँटिबायोटिकचा कोर्स चालू असेतो बरं, संपला की पुन्हा तेच. दाताच्या साध्या एक्सरेत काही दिसलं नाही. सीटीत उजवा गालाचा सायनस भरलेला, डावा एकदम साफ, आणि अहवालात फक्त "सायनसायटिस". मी सीडी उघडून खालचे काप पाहिले, तर दाढेच्या मुळाच्या टोकाशी हाड झिजून थेट सायनसमध्ये वाट झालेली. वरच्या दाढांची मुळं सायनसच्या तळाशी अगदी लागून असतात. नस काढलेली, त्यात पू वर निचरतो, म्हणून दात ठणकत नाही. दाढ काढली, तरी पुरतं थांबलं नाही. मग दुर्बिणीतून सायनसचं तोंड मोकळं करावं लागलं. काहींचं नुसत्या दाताच्या इलाजावर भागतं, आधी सांगता येत नाही.

तुझं दातामुळेच आहे असं मी म्हणत नाही. एकाच बाजूला बुरशीचा गोळाही असू शकतो, आणि क्वचित गाठ. नाकातून रक्त येत असेल तर थांबू नकोस. आधी कानाघशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीने नाक बघून घे. सीटी ताज्या सर्दीत काढू नकोस, तेव्हा कुणाचंही अस्तर सुजलेलं दिसतं. आणि "दाढांची मुळंही बघा" असं चिठ्ठीवर लिहून घे.

शबाना, मोमीनपुरा
माझ्या अम्मीला शुगर आहे. २०२१ मध्ये नागपुरात काळ्या बुरशीचे किती पेशंट झाले, तेव्हापासून गाल दुखला की धडकी भरते. हे तेच तर नाही?

डॉ. अंजली
ते काही दिवसांत पसरतं, असं महिने रेंगाळत नाही. पण शुगरवाल्यांना गाल बधिर, डोळा सुजलेला, एकाचे दोन दिसणं, नाकातून काळपट स्राव, यातलं एक जरी झालं तरी त्याच दिवशी दवाखाना.

कौस्तुभ
पण मुळं आणि सायनस सगळ्यांचीच जवळ, मग सगळ्या रूट कॅनलवाल्यांना का होत नाही?

मृणाल
बुधवारची अपॉइंटमेंट मिळाली. कॅप बसवली तेव्हाचा एक्सरे सापडतोय का बघते.