मदत हवी आहे: बाबांचं चावीचं घड्याळ अचानक पुढे पळतंय

बाबांचं चावीचं घड्याळ आजवर दिवसाला फार तर 30 सेकंद पुढे जायचं. गणपतीत ते रात्रभर भजनाच्या स्पीकरवर राहिलं आणि आता दिवसाला 20 मिनिटं पुढे पळतंय. होडीतलं छोटं होकायंत्र जवळ नेलं तर काटा गर्रकन वळला. माझ्या दुसऱ्या घड्याळाने तो हलला नाही. म्हणजे आतलं चाक झुलवणाऱ्या बारीक हेअरस्प्रिंगचे वेढे चुंबकत्वाने एकमेकांना चिकटत असणार. स्प्रिंग आखूड पडली की चाक भरभर झुलतं.

इथले घड्याळजी तेलपाणी करूया म्हणतात, पण त्याने चुंबकत्व कसं जाईल? त्यासाठी चुंबकत्व घालवणाऱ्या एसी कॉइलचं बटण दाबून घड्याळ सावकाश हातभर लांब न्यायचं आणि मगच बटण सोडायचं. जवळ असताना सोडलं तर ते पुन्हा भारलं जातं.

मालवण-कुडाळकडे असं यंत्र कुणाकडे आहे का? घड्याळ न उघडता काम होईल ना?