अनुभव धागा: सरकारी कचेरीतल्या फोनवर काय काय ऐकलंत?

रानवारा: आज कपाट आवरताना गेल्या वर्षीचा कागद सापडला. बाबा गेल्यावर वारस नोंदीसाठी तलाठी कार्यालयात फोन केला होता, तेव्हा घाईत खरडलेला.
"मृत्यू दाखला. सातबारा, आठ-अ. सगळ्या वारसांची नावं, वयं, पत्ते, बाबांशी नातं, हे सगळं प्रतिज्ञापत्रावर. आधारची झेरॉक्स. फी नाही, पण पाचशेचा स्टँप. आधी सेतू, मग तलाठी, सही मंडळ अधिकाऱ्याची. महिन्यात नाव लागेल, मी स्वतः फोन करतो."
फोन अजून यायचाय 😄 तुमचेही लिहा.

चहाटळ: "मी स्वतः फोन करतो" 😂😂

जुना कारकून: महसुलात नोकरी झाली माझी. यादी बरोबर, स्टँप मात्र चुकीचा. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क 2004 पासून माफ आहे, साधा कागद चालतो. तरी मागतातच.
आणि महिना लागतो कारण आधी सहा-क मध्ये वारसांची नोंद, गावात चौकशी, मग फेरफार. त्याची नोटीस निघाली की हरकतीला 15 दिवस. कुणी हरकत घेतली तर प्रकरण तक्रार नोंदीत जातं, मग महिना विसरा.

सुमी: आमच्याकडे साहेब म्हणाले बहिणींची नावं नकोत, त्यांनी 'हक्क नको' असं लिहून दिलं की झालं. सोपं पडलं.

जुना कारकून: सुमीताई, तसं होत नाही. आधी सगळ्या वारसांची नावं लागतात, लग्न झालेल्या मुलींचीही. हक्क सोडायचा तर दुय्यम निबंधकाकडे नोंदणीकृत हक्कसोडपत्र. साध्या कागदावर नावं गाळली असतील तर उद्या बहीण प्रांताकडे अपिलात जाऊ शकते.

सुमी: अहो काका पण फेरफार मंजूर झालाय की! आणि आमच्या ताई तशा नाहीत.

पुणेरी पाटी: रेशनकार्डात सुनेचं नाव घालायला हीच कागदं लागतात का? कुकर लावलाय, नंतर वाचते.

चहाटळ: नाही हो, तो वेगळा खिडकी क्रमांक 😜

रानवारा: काका, स्टँपचं सांगितलं तर "आमच्याकडे असंच चालतं" म्हणाले असते. तुम्ही असता तर काय केलं असतं?

जुना कारकून: शासन आदेशाची प्रत अर्जाला जोडायची, अर्जाची पोच घ्यायची. फोनवरचं कुणी मानत नाही. आता ई-हक्कवरून घरबसल्या अर्जही होतो, त्याचा क्रमांक मिळतो. चौकशी मात्र गावातच.

आंबेमोहर: आमच्या आत्याचं नाव सातबाऱ्यावर 'सुमन' आणि आधारवर 'सुमनबाई'. लिपिक म्हणे दोन वेगळ्या बायका 🤦 शेवटी दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असं प्रतिज्ञापत्र केलं. ते साध्या कागदावर घेतलं बरं का, काका.

सुमी: काका, हक्कसोडपत्र आता केलं तर चालेल का? ताईला कसं विचारायचं तेच कळत नाहीये.