मदत हवी आहे: वास्तुशांतीनंतरची आभाराची चिठ्ठी, मराठी आणि इंग्रजी

रानजाई:
नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी नव्या घराची वास्तुशांत झाली. आता आभाराची चिठ्ठी द्यायची आहे आणि मजकूर काही केल्या जमत नाहीये.

आमच्या इमारतीत 28 घरं आहेत. निम्मी मराठी, बाकीची गुजराती, तमिळ, मल्याळी. त्यांना पोस्टकार्डाएवढं छापील कार्ड द्यायचा विचार आहे, एका बाजूला मराठी आणि मागे इंग्रजी. दूरचे नातेवाईक सांगली, देवरुख आणि इंदूरला आहेत, दोन घरं अमेरिकेत. तिकडची मुलं मराठी बोलतात, वाचत नाहीत. नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार.

माझा मसुदा:

"सप्रेम नमस्कार, आपण आमच्या वास्तूशांतीनिमित्त आपल्या घरी येऊन समारंभाची शोभा वाढवलीत आणि शुभार्शिवाद दिलेत, याबद्दल आम्ही तुमचे मनःपूर्वक आभारी आहोत. तुमचा लोभ असाच राहू द्या. आपले, समस्त देशपांडे परिवार."

इंग्रजी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिते: "वी थँक यू फॉर ग्रेसिंग अवर वास्तुशांती अँड इन्क्रीझिंग इट्स ग्लोरी. युवर लव्ह शुड रिमेन लाइक धिस."

इंग्रजी वाचताना कानाला खटकतं, पण नेमकं काय बदलावं कळत नाही. हाच मजकूर नातेवाइकांना चालेल का?

पागोटे:
मराठी छान आहे. फक्त सुरुवातीला सा.न.वि.वि. घाला, आपली पद्धत आहे ती. इंग्रजीत 'ब्लेसिंग्ज' शब्द राहिलाय तेवढा टाका की झालं.

दौतटाक:
पागोटे, मायना हवा हे बरोबर, पण सा.न.वि.वि. सरसकट चालणार नाही. त्यातला 'सा' साष्टांग नमस्काराचा आहे, तो वडीलधाऱ्यांना. बरोबरीच्यांना स.न.वि.वि., म्हणजे सप्रेम नमस्कार. 28 घरांत कुणी सत्तरीचे असतील, कुणी नुकतं लग्न झालेलं जोडपं. कार्ड एकच जाणार असेल तर पूर्ण शब्दांत 'सप्रेम नमस्कार' हेच योग्य, म्हणजे रानजाईंनी लिहिलंय तेच राहू दे.

रानजाई, खटका इंग्रजीत जाणवला तरी त्याचं मूळ मराठीत आहे. 'शोभा वाढवलीत' हे आमंत्रणाच्या साच्यातलं वाक्य. मराठी वाचकाची नजर त्यावरून सरकून जाते, पण तेच इंग्रजीत शब्दाला शब्द ठेवून नेलं की 'ग्लोरी' होतं आणि वाचणारा अडखळतो. शेजाऱ्यांनी तुमच्यासाठी खरोखर काय केलं ते आधी मराठीत लिहा. मग इंग्रजी आपोआप सरळ येईल.

आता मराठीतल्या दुरुस्त्या. 'वास्तू' सुटा असला की दीर्घ, पण समासात ऱ्हस्व, म्हणून वास्तुशांत. गुरू आणि गुरुपौर्णिमा, तसंच. 'शुभार्शिवाद' नव्हे, शुभाशीर्वाद: रफार 'वा'वर, आणि 'शी' दीर्घ. एका वाक्यात 'आपण' आणि पुढे 'तुमचे' अशी सरमिसळ नको, एक काय ते धरा. सगळ्यांत मोठी चूक 'आपल्या घरी' ही आहे. वाचणाऱ्याला तुम्ही 'आपण' म्हणताय, म्हणजे 'आपल्या घरी'चा अर्थ त्याच्याच घरी असा होतो. तुम्हाला आपुलकी दाखवायची आहे हे कळतं, पण इथे 'आमच्याकडे' हवं. आणि सहीत 'आपले ... परिवार' जुळत नाही. एकतर 'आपला देशपांडे परिवार', नाहीतर 'आपले, देशपांडे कुटुंबीय'.

शेजाऱ्यांनी काय काय सोसलं आणि काय मदत केली, ते सांगा. त्यावर कार्ड उभं राहील.

सोनचाफा:
आमची वास्तुशांत पुढच्या महिन्यात आहे. 'कृपया आहेर आणू नये' ही ओळ इंग्रजीत कशी लिहायची? 'नो गिफ्ट्स' फार तुटक वाटतं. आणि पत्रिकेत वरती गणपती हवाच का?

दौतटाक:
सोनचाफा, हा धागा नंतरच्या आभाराचा आहे, निमंत्रणाचा नाही. तरी उत्तर देते: 'युवर प्रेझेन्स इज द ओन्ली गिफ्ट वी वुड लाइक.' गणपतीचं घरच्यांना विचारा.

रानजाई:
धन्यवाद दौतटाक! 'आपल्या घरी' माझ्या लक्षातच आलं नव्हतं. शेजाऱ्यांनी दोन महिने फर्निचरच्या कामाचा आवाज सहन केला, जिन्यात सतत धूळ असायची. समारंभाच्या दिवशी खालच्या तिघांनी आपल्या गाड्या बाहेर काढून पाहुण्यांना जागा दिली. समोरच्या काकूंनी तर स्वतःचं घरच उघडून दिलं, आमची निम्मी पंगत त्यांच्या हॉलमध्ये बसली.

दौतटाक:
मग हे घ्या:

"सप्रेम नमस्कार. रविवारी आमच्या वास्तुशांतीला आपण आलात, फार आनंद झाला. त्याआधी दोन महिने ड्रिलचा आवाज आणि जिन्यातली धूळ आपण कुरकुर न करता सोसलीत, आणि त्या दिवशी पाहुण्यांच्या गाड्यांना जागाही करून दिलीत. शेजाऱ्यांचा असा आधार असला की नवं घर लगेच आपलंसं होतं. सवडीने चहाला या. लोभ असावा. आपले, देशपांडे कुटुंबीय."

इंग्रजी: "डिअर नेबर्स, थँक यू फॉर कमिंग टु अवर हाउसवॉर्मिंग ऑन संडे. थँक यू ऑल्सो फॉर पुटिंग अप विथ टू मंथ्स ऑफ ड्रिलिंग अँड डस्ट, अँड फॉर मेकिंग रूम फॉर अवर गेस्ट्स कार्स. प्लीज ड्रॉप इन फॉर टी. वॉर्मली, द देशपांडेज."

'लोभ असावा'ला इंग्रजीत जोडीदार नाही, म्हणून तिथे ते आणलेलंच नाही. चहाचं बोलावणं तेच काम करतं. 'हाउसवॉर्मिंग' एक सलग शब्द आहे. 'गेस्ट्स'मध्ये अपॉस्ट्रॉफी एसच्या नंतर, कारण पाहुणे अनेक. आडनावाचं अनेकवचन करताना मात्र अपॉस्ट्रॉफी अजिबात नाही, नुसता एस. दारावरच्या पाट्यांतही ही चूक सर्रास दिसते.

समोरच्या काकूंचा उल्लेख छापील मजकुरात नको, बाकीची 27 घरं तो वाचतील. त्यांच्या कार्डावर खाली पेनाने दोन ओळी लिहा.

जुळारी:
छपाईबद्दल सांगतो, कारण बिघडतं ते तिथे. पोस्टकार्डाएवढं म्हणजे ए-सिक्स, 105 × 148 मिमी. एका बाजूला साठेक शब्द मोकळे बसतात. मराठी अक्षर इंग्रजीपेक्षा एक-दोन पॉइंट मोठं ठेवा आणि ओळींत अंतर जास्त द्या, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात.

तुमच्या मजकुरात एक शब्द हमखास फसणार: 'शेजाऱ्यांचा'. बऱ्याच छापखान्यांत अजून जुने, युनिकोड नसलेले फाँट वापरतात. तुमचा मजकूर तिथे तसाच चिकटवता येत नाही, मग ऑपरेटर पुन्हा टंकतो आणि 'शेजार्यांचा' होऊन बसतं. 'ऱ्या'ची ती आडवी चंद्रकोर जाऊन 'या'वर रफार चढतो. युनिकोडमध्ये टंकतानाही साधा र घेतला तर हेच होतं. क्रम असा हवा:

```
ऱ + ् + य + ा
```

इन्स्क्रिप्ट कळफलकावर ऱ हा `Shift+J` वर मिळतो. मजकूर स्वतः लावून पीडीएफ दिलीत तर उत्तम. छापखान्यातच लावणार असाल तर कागदावर प्रूफ मागा आणि हा शब्द आधी शोधा.

आणखी एक. पेनाने लिहायचं असेल तर ग्लॉसी लॅमिनेशन घेऊ नका. शाई त्यावर टिकत नाही, बोट लागलं की फराटा. बिनलेपाचा जाड कागद घ्या. 28 घरांसाठी 35 कार्डं काढा, लिहिताना चार-दोन खराब होतातच.

पोस्टाची पेटी:
मला हे कार्डच पटत नाही. एका मजल्यावर राहणाऱ्याला छापील आभार म्हणजे परकं करणं. पेढे घेऊन घरी जावं, दोन शब्द बोलावेत.

जुळारी:
पेढ्यांबरोबर कार्ड दिलं तर?

पोस्टाची पेटी:
तरी माझं मत तेच. अमराठी घरांना द्या, मराठी घरांत नको.

दौतटाक:
तसं करू नका. निम्म्या इमारतीला कार्ड आणि निम्मीला नाही, हे दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये कळतं.

रानजाई:
पेढे आणि कार्ड दोन्ही घेऊन जाते. आता नातेवाईक. बरेच जण येऊ शकले नाहीत. काहींनी फोन केला, काहींनी यूपीआयने आहेर पाठवला. एका आत्याबाईंकडे सुतक होतं म्हणून त्या आल्या नाहीत. 'आपली उणीव भासली' असं लिहू का?

दौतटाक:
सुतक असलेल्या घरी ते वाक्य नको. त्या येऊ शकत नव्हत्या हे तुम्हालाही ठाऊक आहे. आत्याबाईंना आभाराचा मजकूरच पाठवू नका, दिवस झाल्यावर फोन करा. बाकी न आलेल्यांनाही 'उणीव'पेक्षा जे केलं तेच लिहा: "सकाळीच आपला फोन आला, आशीर्वाद पोचले." आहेराची रक्कम लिहू नये, 'आपण पाठवलेला आहेर मिळाला' इतकंच. पण हे लिहायला विसरू नका. ऑनलाइन पाठवणाऱ्याला पैसे योग्य खात्यात गेले का, ही धाकधूक असते. आहेराची वही समोर ठेवा आणि प्रत्येकाची पहिली ओळ वेगळी लिहा. मोठ्यांना सा.न.वि.वि. इथे शोभेल.

अमेरिकेतल्या मुलांना 'वास्तुशांती' हा शब्द ठेवा आणि पुढे एकच ओळ द्या: "द पूजा वी डू बिफोर वी सेटल इंटू अ न्यू होम." त्यांच्या आईवडिलांना मात्र मराठीतच पाठवा.

पागोटे:
एवढं कशाला, व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रॉडकास्ट लिस्ट करा. एका वेळी 256 जणांना जातं.

जुळारी:
ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलाय त्यांनाच ब्रॉडकास्ट पोचतो. दूरच्या नातेवाइकांत नेमके तेच नसतात, आणि न पोचल्याचं कुणी तुम्हाला सांगत नाही. पंचवीस-तीस घरं असतील तर एकेकाला पाठवा. कार्डाचा फोटोही नको, वयस्कांना तो मोठा करून वाचावा लागतो.

रानजाई:
एकेकालाच पाठवते. शेवटचा प्रश्न: कार्डावर सासूसासऱ्यांची नावं वेगळी घालावीत का? घर आमच्या दोघांच्या नावावर आहे, पण पूजेला तेच बसले होते.

दौतटाक:
'कुटुंबीय'मध्ये सगळे आले, माझ्या मते तेवढं पुरे.

पोस्टाची पेटी:
अजिबात नाही. पूजेला बसले तर नावं हवीत, आणि आधी त्यांची.

रानजाई:
हं. आज रात्री सासूबाईंनाच विचारते. प्रूफ उद्या येतंय.