सेकंडहँड कारचं लोन: ८% फ्लॅट स्वस्त की ११.५% रिड्युसिंग? मदत हवी आहे

मानेवाडा_बुटीबोरी

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच गाडी घेऊन राहिलो. मानेवाड्याहून बुटीबोरीला रोजचं जाणं-येणं आहे, बाईकवर उन्हाळ्यात फार हाल होतात म्हणून एक सेकंडहँड कार पाहिली, साडेपाच लाखाची, त्यातले ४ लाख लोन करायचे आहेत. डीलरकडचा फायनान्सवाला म्हणतो ८ टक्के, ४ वर्षं, ईएमआय बरोबर ११,०००. माझं पगार खातं ज्या बँकेत आहे तिथे विचारलं तर ते म्हणाले साडेअकरा टक्के, ईएमआय १०,४३६. आता मला हेच कळत नाहीये की ८ टक्केवाल्याचा हप्ता साडेअकरावाल्यापेक्षा जास्त कसा? फायनान्सवाल्याला विचारलं तर म्हणे "सर आमचा फ्लॅट आहे, त्यांचा रिड्युसिंग, बँक शेवटी तेवढंच घेते." डीलर म्हणतो त्याच्याकडूनच फायनान्स केला तर गाडीत १० हजार कमी करतो, आणि गाडी शनिवारपर्यंतच थांबवून ठेवतो. काय करू?

सदरचा_संजू

भाऊ, रेपो रेट खाली आला की फ्लोटिंगवाल्याचा फायदा होतो, वर गेला की तोटा. फ्लॅटमध्ये ते टेन्शन नाही, हप्ता बदलत नाही. मी असतो तर फ्लॅट घेतला असता.

हिशोब_ताई

संजू, तुम्ही फिक्स्ड-फ्लोटिंगचं सांगून राहिले, त्यांचा प्रश्न वेगळा आहे. व्याज बदलणार की नाही हे एक, आणि व्याज कोणत्या रकमेवर मोजतात हे दुसरं. बँकेचं साडेअकरा रिड्युसिंग असूनही फिक्स्ड असू शकतं, गाडीच्या लोनमध्ये तर बरेचदा असतंच, म्हणजे हप्ता तिकडेही बदलत नाही.

मानेवाडा दादा, तुमचा हप्ताच उघडून पाहा. फ्लॅटमध्ये ४ लाखाचे ८ टक्के म्हणजे वर्षाला ३२,०००, चार वर्षांचे १,२८,०००, ते मुद्दलात मिळवून ४८ ने भागलं की ११,०००. म्हणजे फ्लॅटच्या हिशोबाने दर महिन्याला ८,३३३ मुद्दल आणि २,६६७ व्याज. आता शेवटच्या हप्त्यापाशी या. ४७ हप्ते फेडून झाले, तुमच्याकडे त्यांचे ८,३३३ रुपयेच उरले, तरी त्या महिन्याचं व्याज तुम्ही २,६६७ च भरता, कारण ते अजूनही पूर्ण ४ लाखांवर मोजलेलं आहे, जे तुम्ही कधीचेच परत केले. रिड्युसिंगमध्ये जेवढं उरलं तेवढ्यावरच व्याज लागतं, म्हणून दर मोठा दिसूनही बँकेचं एकूण व्याज साधारण १,००,९०० होतं. फरक २७ हजारांचा आहे, "तेवढंच घेते" हे खरं नाही.

नंदनवन७७

सोपा नियम आहे, फ्लॅटचं दुप्पट करा. ८ फ्लॅट म्हणजे १६ रिड्युसिंग. इतकं गणित कशाला पाहिजे.

हिशोब_ताई

घाईत अंदाज लावायला ठीक आहे पण दुप्पट होत नाही, थोडं कमीच भरतं, आणि दर वाढला, मुदत बदलली की प्रमाण बदलतं. इथे खरा आकडा १४.३५ च्या आसपास येतो. फोनवरच्या शीटमध्ये हे टाका आणि उत्तर टक्क्यात दाखवा:

```
=RATE(48,-11000,400000)*12
```

४८ म्हणजे हप्ते, मग हप्ता (खिशातून जातो म्हणून वजा), मग हातात आलेली रक्कम. साडेअकराची तुलना आता या १४.३५ शी करा, ८ शी नाही. फायनान्सवाल्याने काही चार्जेस सांगितलेत का?

मानेवाडा_बुटीबोरी

हो ताई, प्रोसेसिंग आणि डॉक्युमेंट मिळून ३,५०० आणि लोन सुरक्षा विमा म्हणून ४,५००, हे लोनमधूनच कापून ३,९२,००० देणार.

हिशोब_ताई

मग सूत्रात 400000 च्या जागी 392000 टाका. तोच हप्ता, पण हातात कमी आले. साडेपंधराच्या थोडं खाली निघतं, १५.४५ टक्के. बँकेचीही प्रोसेसिंग फी असेल, तीही अशीच वजा करून बघा, नाहीतर तुलना एकतर्फी होईल.

टेकडी_रोड_योगेश

माझा अनुभव ऐका. बाईकला ९०,००० चं लोन, ३ वर्षं, ११ टक्के फ्लॅट, हप्ता ३,३२५. दीड वर्ष एकही हप्ता चुकवला नाही, मग बोनस आला तर वाटलं बंद करून टाकू. मी धरून चाललो होतो अर्धे हप्ते भरले म्हणजे ४५,००० उरले. कंपनीने स्टेटमेंट दिलं त्यात ५१,५०० च्या आसपास बाकी, वर फोरक्लोजर चार्ज वेगळा. मी काउंटरवर ते कागद धरून उभा, पोरगा म्हणतो सिस्टिममध्ये असंच येतं. आजपर्यंत मला वाटतं त्यांनी फसवलं.

हिशोब_ताई

योगेशदादा, आकडा चुकीचा नाही, पण तुम्हाला आधी कुणी सांगायला पाहिजे होतं. दर फ्लॅटने सांगतात, पण आतलं शेड्यूल खऱ्या दराने चालतं, तुमच्या लोनचा तो साडेएकोणीस टक्के होतो. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याज जास्त आणि मुद्दल कमी, म्हणून अर्ध्या वाटेवर अर्ध्यापेक्षा जास्त मुद्दल उरतं. मानेवाडा दादा, तुमच्या ४ लाखाचंही असंच आहे, २४ हप्त्यांनंतर २ लाख नाही, साधारण २ लाख २८ हजार बाकी निघतील. लवकर फेडायचा विचार असेल तर हे आधी लक्षात घ्या आणि फोरक्लोजर चार्ज किती ते कागदावर मागा.

मानेवाडा_बुटीबोरी

हे तर कुणीच सांगितलं नव्हतं. मी खरंच दोन वर्षांत बंद करायचा विचार करून राहिलो होतो. पण १० हजार डिस्काउंटचं काय?

हिशोब_ताई

डिस्काउंट धरूनच हिशोब करा. २७ हजार जादा व्याज, वर ८,००० चार्जेस, त्यातून १० हजार गेले तरी २५ हजारांचा फटका राहतो. त्यातून बँकेची फी वजा करा.

आणि सही करायच्या आधी केएफएस मागा, म्हणजे की फॅक्ट स्टेटमेंट, लोनचा दर, चार्जेस आणि अटी एकत्र लिहिलेला कागद. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या लोनला तो द्यावाच लागतो, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि तुम्हाला समजेल त्या भाषेत द्यायचा असतो, म्हणजे मराठीत मागू शकता. त्यात एपीआर, म्हणजे लोनचा वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो, चार्जेस आणि तुमच्याकडून घेतलेला विमाही धरून. तिथे ८ दिसणार नाही. हातात आल्यावर विचार करायला निदान तीन कामाचे दिवस मिळतात, शनिवारची घाई तुमच्या डोक्यावर कुणीही ठेवली तरी.

नंदनवन७७

विमा घ्यावाच लागतो ना पण? माझ्या लोनला तर कंपल्सरी सांगितला होता.

सदरचा_संजू

माझ्या भावाने नकार दिला होता, तरी लोन झालं. कंपनी कंपनीवर असेल.

मानेवाडा_बुटीबोरी

आज फोन केला. केएफएस म्हटल्यावर पोराने व्हॉट्सॲपवर ईएमआयचा एक फोटो पाठवला, त्यात दर ८% फ्लॅट एवढंच. परत मागितलं तर म्हणे सही झाल्यावर मिळेल. बँकेत विचारलं तर गाडीचं व्हॅल्युएशन धरून आठ-दहा दिवस लागतील म्हणतात. डीलरला टोकन देऊन गाडी थांबते का बघतो, कारण गाडी खरंच चांगली आहे, एकाच मालकाची. कुणी टोकन देऊन बँक लोनवर गाडी घेतली असेल तर सांगा, लोन अडलं तर टोकन परत मिळतं का आणि तसं कशावर लिहून घेतलं.

टेकडी_रोड_योगेश

लिहून घ्या भाऊ, तोंडी ठेवू नका. मी पण माझ्या लोनचे आकडे त्या सूत्रात टाकून पाहिले, १९.५७ आलं. ताई, बरोबर आहे ना?

हिशोब_ताई

बरोबर आहे.