वायदा विकून भाव पक्का केलेल्या शेतकऱ्याची गोष्ट, पटते का?

देवगडची_पोर: कॉलेजच्या अंकासाठी छोटी गोष्ट लिहिलीय. सांगलीकडचा दत्तू डिसेंबरात हळदीचा एप्रिलचा वायदा, म्हणजे एप्रिलच्या मालाचा भाव आजच ठरवणारा करार, १४,००० रुपये क्विंटलने विकतो, एप्रिलला भाव १२,००० वर येतो, गाव रडतं पण दत्तू ज्याच्याशी करार केला त्याला हळद देऊन १४,००० घेतो आणि पोरीचं लग्न थाटात करतो. पटतंय का? आणि आपल्या काजू-आंब्याला असं का नाही करता येत?

राजापूरचा_भाऊ: गोष्ट छान आहे पण हा सट्टा आहे. कागदावर माल विकायचा, असल्या धंद्यात माणसं बुडालेली बघितलीत, शेतकऱ्याने यात पडू नये.

वायदेवाला_चिपळूण: भाऊ, ज्याच्या शेतात हळद उभी आहे त्याने वायदा विकला तर तो सट्टा नाही, उलट न विकता बसणं हाच भावावरचा जुगार. पण ताई, तुझी गोष्ट जिथे चुकलीय तिथेच खरी मजा आहे.

समोर कुणी माणूस नसतो. सौदा एक्सचेंजवर, एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदे बाजारात हळदीचा एक लॉट ५ टनाचा म्हणजे ५० क्विंटल, आणि भाव निजामाबादच्या मालाचा. दत्तू हळद तिकडे नेत नाही, एप्रिलमध्ये वायदा परत विकत घेऊन सौदा काटतो आणि हळद सांगलीतच विकतो. वायदा १४ ला विकला, १२ ला घेतला, क्विंटलमागे २,००० सुटले म्हणजे एक लाख. सांगलीत समजा ११,६०० मिळाले तर ५ लाख ८० हजार. एकूण ६ लाख ८० हजार, म्हणजे खर्च न धरता हातात १३,६०० चा भाव. चौदा नाही, कारण सांगली आणि निजामाबाद यांच्यात नेहमी थोडा फरक राहतो आणि तो काही पक्का करता येत नाही.

आता जानेवारी बघ. हळद अजून जमिनीत, काढायची, शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची बाकी, आणि वायदा चढून १५,२०० झाला. भाव चढला की विकणाऱ्याला फरक रोजच्या रोज रोखीत भरावा लागतो, म्हणजे तोवर ६० हजार, आणि हे सुरुवातीला ठेवलेल्या अनामतीशिवाय, म्हणजे मार्जिनशिवाय. ब्रोकरचा मेसेज येतो, पैसे भरा. नाही भरले तर तो सौदा काटून टाकतो. मग एप्रिलला भाव १२ वर आला तरी दत्तूकडे काय उरलं, ५ लाख ८० हजारातून ६० हजार गेले, १०,४०० चा भाव पडला. काहीच केलं नसतं तर ११,६०० मिळाले असते.

राजापूरचा_भाऊ: म्हणजे मी बरोबरच बोललो ना!

वायदेवाला_चिपळूण: अर्धं. तो भावामुळे नाही बुडाला, घरात ६० हजार नव्हते म्हणून बुडाला.

कलमवाला_वेंगुर्ला: माका काय ता मार्जिन समाजला नाय, पण आमी वायदा दरवर्षी करतो की! मोहोर यायच्या आधी चाळीस कलमं व्यापाऱ्याला करारावर देतो, फवारणी त्याची, राखण त्याची. एका वर्षी अवकाळी पाऊस झाला, आंबा गळला, आणि त्याने दुसरा हप्ता दिलाच नाही. फोनही उचलीना. कागद कुठे होता, सगळं तोंडी.

वायदेवाला_चिपळूण: काका, तो वायदा नाही, ती बागच दिलीत तुम्ही. फरक असा की करारात पीक बुडालं तरी (माणूस सचोटीचा असेल तर) नुकसान त्याचं. वायद्यात पीक बुडालं तर तुमच्याकडे विकायला माल नाही आणि वर सौदा तसाच उभा. समोरचा पळून जायची भीती मात्र एक्सचेंजवर नसते.

देवगडची_पोर: मग हापूसचा वायदा का नाही?

वायदेवाला_चिपळूण: थोड्याच दिवसात पिकून मऊ होणारं फळ गोदामात काय ठेवणार. काजू बी टिकते, तिचं जमू शकेल, पण आफ्रिकेतून येणाऱ्या बीवर भाव हलतो आणि आपल्याकडे एवढी उलाढाल कोण करणार, हा प्रश्न आहेच.

मालवणी_हिशोबनीस: माझं मत वेगळं. एकट्याने करूच नये, शेतकरी कंपनीने सगळ्यांची बी गोळा करून करावं, मार्जिनही तीच भरेल. आणि पुट ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाला विकायचा नुसता हक्क, घेतला तर त्याची किंमत, प्रीमियम, एकदाच जातो, जानेवारीचा मेसेजच येत नाही.

राजापूरचा_भाऊ: आणि सरकारने मधेच बंद केलं तर? डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने हरभरा, सोयाबीन धरून सात मालांचे वायदे थांबवलेच ना. कंपनी काय करणार तेव्हा?

मालवणी_हिशोबनीस: त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

देवगडची_पोर: बरं मग जानेवारीत दत्तूने काय करावं, बायकोच्या पाटल्या गहाण टाकाव्या का सौदा काटू द्यावा?

कलमवाला_वेंगुर्ला: पाटल्या. पण लग्न एप्रिलात ठेव नको, पैसे हातात येऊ देत आधी.